मास्टर्स शेवटी आलं, मग छोटी टीम वर कशी गेली?

अरे सोन्या,

मोठ्या कंपनीची नोकरी घ्यायची, छोट्या टीमची, की मास्टर्स करायचं हे ठरवायला तू केलेली शीट काल रात्री उघडली आणि मग काही झोप लागेना. खाली तू लिहिलंयस ना, "आई, मास्टर्सचा कॉलम टाकला तर ते तिसरं आलं, ते ठीक आहे, पण त्याच्यामुळे छोटी टीम मोठ्या कंपनीच्या पुढे कशी गेली, त्या दोघांचं तर मी काहीच बदललं नाही", हा प्रश्न फार बरोबर आहे. मला वाटलं आधी फॉर्म्युला चुकला असेल, म्हणून सगळे सेल तपासले. फॉर्म्युला बरोबर आहे. गडबड वेटेजमध्ये आहे, आणि ती तुझ्या एकट्याची नाही, मी परचेसमध्ये इतकी वर्षं व्हेंडरच्या तुलनेचे तक्ते केले तिथेही हीच चूक सगळ्यात जास्त बघितली.

तुझेच आकडे घेते. पगाराला ४० वेटेज, शिकायला मिळण्याला ३०, स्थैर्याला २०, प्रवासाला १०. बेरीज १००, छान. मग प्रत्येक ओळीत जो सगळ्यात चांगला त्याला १०, जो सगळ्यात वाईट त्याला ०, मधल्याला मधले मार्क, त्यासाठी तू हे टाकलंयस:

```
=(B2-MIN($B2:$D2))/(MAX($B2:$D2)-MIN($B2:$D2))*10
```

(प्रवासाला उलटा केलास, कमी मिनिटं म्हणजे जास्त मार्क, ते बघून बरं वाटलं, तिथे भलेभले चुकतात.)

आता पहिला तक्ता, फक्त दोन पर्यायांचा. दोनच असले की प्रत्येक ओळीत एकाला १० आणि दुसऱ्याला ० मिळणार, मधलं काही नाहीच. मोठी कंपनी पगार आणि स्थैर्यात वर, म्हणून ४० आणि २०, म्हणजे १० पैकी ६. छोटी टीम शिकण्यात आणि प्रवासात वर, म्हणजे ४. झालं, मोठी कंपनी जिंकली.

पण थांब, पगारात फरक किती आहे? मोठ्या कंपनीचा १०० धरला तर छोट्या टीमचा ९४. शेकड्यामागे ६! आणि त्या ६ साठी तक्त्याने छोट्या टीमला पगारात सरळ शून्य दिलं आणि ४ पॉइंट काढून घेतले. तक्त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला फक्त कोण वर कोण खाली एवढंच दिसतं.

मग तू मास्टर्स आणलंस. तिथे दोन वर्षं पगार शून्य. आता पगाराच्या ओळीत सगळ्यात वाईट ते झालं, आणि छोटी टीम शून्यावरून उडी मारून ९.४ वर गेली. ४० वेटेजने गुणलं की एका फटक्यात जवळपास पावणेचार पॉइंट आले. शिकण्यात मास्टर्स तिच्याही वर असल्यामुळे तिथे तिचे १० चे साडेसात झाले, म्हणजे पाऊण पॉइंट गेला. हिशोब कर, ४ होते, पावणेचार आले, पाऊण गेला, सात. मोठी कंपनी जिथल्या तिथे ६ वर, मास्टर्स साडेचार. कोणी काही बदललं नाही तरी निकाल उलटला तो असा.

बरं, मग दोघांपैकी खरा तक्ता कुठला? एकही नाही. कारण दोन्हीकडे ४० हा आकडा तोच असला तरी त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यात त्याचा अर्थ "पगारातल्या ६ टक्क्यांना मी १०० पैकी ४० महत्त्व देतो" आणि दुसऱ्यात "पगार असणं आणि अजिबात नसणं या फरकाला मी ४० देतो". दुसरं वाक्य तू कदाचित बोलशील, पहिलं तू शुद्धीत असताना बोलणार नाहीस. तू वेटेज देताना स्वतःला विचारलंस की पगार महत्त्वाचा आहे का, आणि उत्तर आलं हो, खूप. कोणाचंही येईल. पण तो प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असतं ते हे, की या पर्यायांमध्ये पगारात जेवढा फरक आहे तेवढा फरक मला किती महत्त्वाचा आहे.

आमच्याकडे हे काढायची एक पद्धत होती, जरा वेळखाऊ आहे पण करून बघ. आधी मास्टर्स बाजूला ठेव, त्याचं नंतर सांगते. दोनच पर्याय घे आणि अशी नोकरी डोळ्यासमोर आण जिच्यात चारही गोष्टी त्या दोनपैकी वाईट बाजूच्या आहेत, म्हणजे पगार ९४, शिकणं मोठ्या कंपनीसारखं, स्थैर्य छोट्या टीमसारखं आणि प्रवास एका बाजूने ७० मिनिटं. आता यातली एकच गोष्ट वाईटावरून चांगल्यावर नेता येते, कुठली नेशील? जी पहिली नेशील तिला १००. मग बाकीच्या त्या शंभराच्या मानाने, निम्मं मोल वाटलं तर ५०, पाव वाटलं तर २५. शेवटी हवं तर सगळ्यांची बेरीज १०० वर आण, ते काम शीट करेल.

मी तुझ्या वतीने भरून बघितलं, तुला ओळखते म्हणून, चुकलं तर बदल. शिकणं १००, कारण मोठ्या कंपनीत तुला दोन वर्षं एकच मॉड्यूल सांभाळायचंय आणि छोट्या टीममध्ये प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातात मिळेल असं तूच म्हणालास. स्थैर्य ६०. प्रवास ३०. पगार २०. पगार प्रवासाच्याही खाली कसा, असं म्हणशील, तर मला सांग, रोज जाता येता मिळून दीड तास वाचत असेल तर तू पगारातले ६ टक्के सोडशील का? मागच्या आठवड्यात फोनवर तू "कधीही" म्हणालास. मग तक्त्यात पगाराला प्रवासाच्या चौपट वजन आलं कुठून!

या वजनांनी छोटी टीम ६.२ आणि मोठी कंपनी ३.८ येते.

एक गंमत सांगते. १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टली नावाचे शास्त्रज्ञ नोकरी बदलायची की नाही या पेचात होते आणि त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनना विचारलं. फ्रँकलिननी पत्रात लिहिलं की काय करायचं ते मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवायचं ते सांगतो. कागदावर मधोमध रेघ, एकीकडे बाजूची कारणं, दुसरीकडे विरुद्धची, तीनचार दिवस जसं सुचेल तसं लिहीत जायचं, आणि मग सारख्या वजनाची कारणं दोन्हीकडची एकदम खोडायची, कधी एकासमोर एक, कधी एकासमोर दोन. त्यांच्याकडे टक्के वगैरे काही नव्हते, पण कारणासमोर कारण ठेवायचं ही गोष्ट होती, म्हणजे मी वर पगाराचे ६ टक्के विरुद्ध दीड तास केलं तेच. तुझ्या शीटमध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं, प्रत्येक ओळ आपली एकटी बसली होती.

आता ६.२ बघून लगेच उड्या मारू नकोस, आकडा दशांशात आला की तो मोजून आल्यासारखा वाटतो, पण आत सगळे आपलेच अंदाज आहेत. म्हणून मी उलटं बघते, निकाल फिरायला काय किती बदलावं लागेल? स्थैर्याचे ६० मी वाढवत नेले, तर ११० ला दोन्ही बरोबरीत येतात. म्हणजे नोकरी टिकेल की नाही ही काळजी तुला शिकण्यापेक्षाही मोठी वाटत असेल तरच मोठी कंपनी पुढे जाते. प्रवास आणि पगार थोडे इकडे तिकडे करून काही फिरत नाही, तेव्हा त्यांच्यावर डोकं खपवू नकोस. सगळा प्रश्न एका ओळीत येऊन बसला.

आणि तीच ओळ तुझी सगळ्यात कच्ची आहे. स्थैर्यात मोठ्या कंपनीला ९ आणि छोट्या टीमला ४, हे कुठून आणलंस? मिनिटं तू नकाशावर बघितलीस, पगार पत्रावर आहे, पण हे ४ म्हणजे नुसती भीती आहे रे. त्यांना सरळ विचार, आज हातात आहे त्या पैशात किती महिने चालेल, क्लायंट किती आहेत, निम्म्याहून जास्त काम एकाच क्लायंटकडून येतं का. मोठ्या कंपनीतही तुझा जो विभाग आहे तिथून मागच्या वर्षभरात किती लोक काढले ते विचार, नाव मोठं म्हणजे तुझी खुर्ची पक्की असं काही नसतं.

मास्टर्सचं आता. ते तक्त्यात ठेवायच्या आधी एक वेगळी चाळणी लागते. तक्ता बेरीज करतो ना, त्यामुळे एका ओळीतलं शून्य दुसरीकडच्या दहाने भरून निघतं, कागदावर. प्रत्यक्षात काही शून्यं भरून निघत नाहीत. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराला किमतीत १० पैकी १० होते आणि वेळेवर माल देण्यात २, एकूण बेरजेत तो पहिला आला, मी स्वतः सही केली, आणि मशीन सुट्ट्या भागांसाठी अकरा आठवडे बंद पडून होतं. तो २ कागदावर माझ्यासमोर होता, मी एकूण बघत बसले. त्यानंतर मी आधी किमान रेषा आखायला लागले, तिच्या खाली जो असेल तो बेरजेत येतच नाही. तुझी रेषा काय ते तू ठरव. दोन वर्षं फी आणि राहायचा खर्च कर्ज न वाढवता निघतो का? निघत असेल तर मास्टर्सला आण आणि तिघांसाठी तो १०० चा प्रश्न पहिल्यापासून परत विचार, कारण पगारातला फरक आता खरंच मोठा आहे आणि वजनं सगळी बदलतील. जुनी वजनं तशीच ओढू नकोस. निघत नसेल तर तो कॉलम काढूनच टाक.

आणखी एक बारीक दिसलं. शीटच्या जुन्या व्हर्जनमध्ये "शिकणं", "ग्रोथ" आणि "पुढचा स्कोप" अशा तीन ओळी होत्या, नंतर तू एकच ठेवलीस. बरं केलंस, एकच गोष्ट तीन नावांनी तीनदा मोजली जात होती. पण त्याच दिवशी पगार ३० चा ४० झालाय, रात्री पावणेबाराला, तेही दिसलं मला. आधी छोटी टीम पुढे येत होती म्हणून का? रागवत नाहीये. मीही केलंय हे, आमच्याकडे म्हणूनच कोटेशनं उघडायच्या आधी वजनं लिहून लिफाफ्यात बंद करायचो. वजन बदलायचं असेल तर बदल, पण शेजारी का बदललं ते एक ओळ लिही, नुसतं निकाल आवडला नाही असं असेल तर तेही लिही, मग त्यावर बोलता येईल.

शीटची मी वेगळी कॉपी केलीय, तुझी तशीच आहे. माझ्या कॉपीत स्थैर्याचे दोन सेल रिकामे ठेवलेत, पिवळे केलेत. छोट्या टीमशी तुझं बोलणं गुरुवारी आहे ना, ते झालं की तूच भर, मी काही टाकत नाही. बाबा म्हणतायत मोठी कंपनीच घे, पण त्यांनी शीट उघडलेली नाही.

आई