विषय: वॉचमनचा पगार आणि खजिनदारांचे हिशेब

मा. अध्यक्ष,
आपल्या जळगावच्या सोसायटीची व्यवस्थापन समिती,
यांना सप्रेम नमस्कार.

आधीच्या पत्रांना उत्तर आले नाही. पार्किंगच्या पत्राला आले नव्हते, टाकीच्या झाकणालाही नाही, म्हणून आश्चर्य वाटले नाही. परंतु मागच्या मीटिंगमध्ये खजिनदारांनी सर्वांसमोर "नानांना काही काम नाही" असे म्हटले, तेव्हा लेखी देणे भाग आहे. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये नोकरी केली आहे. हजेरी आणि पगार यांचा मेळ घालणे एवढेच काम मला येते.

मुद्दा वॉचमनच्या एजन्सीचा. दोन माणसे, 12-12 तास, महिन्याचे तीसही दिवस. माणशी बिल 15,500 रुपये. यातून एजन्सीचे कमिशन गेल्यावर माणसाच्या हाती काय पडते ते गेटवर विचारा, मी लिहीत नाही. खजिनदारांचे म्हणणे, "तो खुशीने सही करतो, आपल्याला काय?" साहेब, किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला माणूस राजी असला तरी तो करार कायद्यात टिकत नाही. 1948 च्या कायद्यात हेच होते.

हा दर एजन्सी ठरवत नाही. राज्य सरकार अधिसूचना काढून त्या त्या कामाचा आणि परिमंडळाचा मूळ दर ठरवते. त्यावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता चढतो, आणि तो जानेवारीत व जुलैत बदलतो. आपला करार मात्र दोन वर्षे तोच आहे. लिफ्टवाल्याने दर वाढवला तेव्हा समितीने एका दिवसात सही केली होती, ही आठवण करून देतो.

आता हिशेब. खरा दर समितीने चालू परिपत्रकातून घ्यावा, मी समजायला सोपा आकडा धरतो. मूळ आणि भत्ता मिळून महिन्याला 13,000 रुपये. 26 ने भागले की रोज 500, आणि आठ तासांचा रोज म्हणून तासाला 62.50. आठच्या पुढचे चार तास ओव्हरटाइम, तो दुप्पट दराने, म्हणजे 125 प्रमाणे आणखी 500. म्हणजे 12 तासांच्या माणसाचा रोज 1,000 झाला आणि 26 दिवसांचे 26,000. दोघांचे 52,000. आपण देतो 31,000, त्यातही कमिशन!

खजिनदार इथे कपाळाला हात लावतील, म्हणून पुढचे वाचून दाखवा. आठ-आठ तासांचे तीन वॉचमन ठेवले तर पगार 39,000. तीन माणसे दोनपेक्षा स्वस्त पडतात, कारण ओव्हरटाइमच उरत नाही. पीएफ, ईएसआय आणि कमिशन धरले तरी 48 फ्लॅटना आजच्यापेक्षा महिन्याला प्रत्येकी साधारण 400 रुपये जास्त. सुट्टीचा बदली माणूस दोन्हीकडे लागणारच. चौथ्या मजल्यावरच्या भाभींना आणि तळमजल्याच्या आप्पांना हे पटले आहे. इतरही बरेच जण मनातून माझ्याच बाजूचे आहेत, फक्त मीटिंगमध्ये बोलत नाहीत.

एजन्सी म्हणेल, आम्ही किमान वेतन देतो, बघा पावती. ती पावती मी पाहिली आहे. युक्ती जुनीच आहे. माणूस महिनाभर उभा असतो आणि कागदावर 15-16 हजेऱ्या, त्याही आठ तासांच्या. मग दर बरोबर दिसतो, दिवस चोरलेले असतात. पकडायला अवघड नाही. पाहुण्यांचे रजिस्टर रोज वॉचमनच भरतो, त्याच्या सह्या आणि वेळा तारखेनिशी आहेत. ते एका हातात आणि एजन्सीचा मस्टर दुसऱ्या हातात घ्यायचा. मग पीएफच्या महिन्याच्या चलनासोबतची नावनिहाय यादी मागायची. तिच्यात नाव नसेल किंवा दिवस कमी असतील तर विषय संपला. बँकेत पूर्ण पगार जमा करून नंतर अर्धा रोख परत घेणारेही असतात, ते मात्र माणूस बोलल्याशिवाय कळत नाही, आणि खजिनदारांसमोर तो बोलेल असे मला वाटत नाही.

"मालक एजन्सी, सोसायटी नव्हे" हेही ऐकले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचे कलम 43 वाचा: मालकाने पैसे दिले नाहीत तर जिथे काम चालते त्या आस्थापनेची जबाबदारी येते. आपण त्यात बसत नाही असा वाद खजिनदार घालतील. जरूर घालावा, पण वकिलाची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावी. शिवाय थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो.

माझी मागणी एवढीच. करार, शेवटच्या सहा महिन्यांची बिले आणि पीएफची यादी सूचना फलकावर लावावी. सहकारी संस्था कायद्याने सदस्याला संस्थेचे कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आखाजीच्या आधी पहिल्या क्रमांकावर घ्यावा, गणपतीच्या मांडवानंतर नव्हे. आणि ही एजन्सी कोणाच्या ओळखीने आली हे त्या सभेत खजिनदारांनीच सांगावे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र, आकड्यांसह, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात देईन. प्रत माझ्याकडे आहे, पोच द्यावी.

आपला,
ब-304, नाना