चुनखडीतले कार्बोनेट आणि उकळीचे महत्त्व

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाले. ब्युरेटमधून आम्ल थेट चुनखडीवर सोडून कार्बोनेट का मोजत नाहीत, असे तू विचारलेस. पूड पाण्यात विरघळत नाही, आम्लाची क्रिया तिच्या पृष्ठभागावरच आणि सावकाश होते. त्यामुळे सूचकाचा रंग गेला तरी तळाशी पूड शिल्लकच असते आणि थोड्या वेळाने रंग परत येतो. अंतिम बिंदू हाती लागतच नाही. म्हणून आधी जास्तीचे आम्ल घालून सगळे विरघळवायचे आणि उरलेले आम्ल अल्कलीने मोजायचे.

समज, वाळवून बारीक केलेली ०.५०० ग्रॅम चुनखडी शंकूपात्रात घेतली. तीवर पिपेटने ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली सोडले, म्हणजे १२.५ मिलिइक्विव्हॅलंट. शेवटी ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिली लागले, म्हणजे ३.० उरले होते. ९.५ चुनखडीने घेतले. एका मिलिइक्विव्हॅलंटला ५०.०४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून ४७५ मिलिग्रॅम, साधारण ९५ टक्के.

या दोन मोजण्यांच्या मधल्या उकळीकडे तू नीट लक्ष दे. फसफस थांबली तरी कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून राहतो. फेनॉल्फ्थॅलिन वापरले की तोही अल्कली खातो. गुलाबी छटा येते आणि बघता बघता फिकी पडते, मग आपण आणखी थेंब घालतो. अल्कली जास्त गेली की उरलेले आम्ल जास्त वाटते आणि कार्बोनेट कमी निघते. तुझे आकडे कमी येतात ते मला यामुळेच वाटते. पात्राच्या तोंडावर छोटे नरसाळे ठेवून मंद आचेवर काही मिनिटे उकळ, नरसाळे पाण्याने आत धुऊन घे आणि थंड झाल्यावर टायट्रेशन कर. उघड्यावर खळाखळा उकळू नकोस. शिंतोडे किंवा वाफेबरोबर आम्ल गेले की चूक उलट्या दिशेला होते, कार्बोनेट जास्त दिसते. तळाशी राहणाऱ्या वाळूची काळजी नको, मात्र त्या गाळातून बुडबुडे निघत असतील तर अजून थांब.

आता ते १०४ टक्के आलेले सॅम्पल. त्यात मॅग्नेशियम असावे असे माझे मत आहे. आम्लाला कॅल्शियमचे कार्बोनेट आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट यांत भेद करता येत नाही, आणि मॅग्नेशियम कार्बोनेट हलके असल्याने तेवढ्याच वजनात जास्त आम्ल खाते. अगदी शुद्ध डोलोमाइट या पद्धतीने जवळजवळ १०८.५ टक्के दाखवेल! शिवाय डोलोमाइट थंड आम्लात फार सावकाश विरघळतो, तेव्हा ते सॅम्पल गरम करूनच घे. आकडा 'एकूण कार्बोनेट, कॅल्शियम कार्बोनेट धरून' असा लिही. नुसते कॅल्शियम हवे असेल तर त्याच द्रावणाचा वेगळा भाग घेऊन, पीएच १२ च्या वर नेऊन ईडीटीएने मोज. तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसते.

त्या सॅम्पलचे ईडीटीएचे आकडे आले की लगेच कळव, वाट पाहतो.

तुझा,
माधव