खाली आलेल्या आकड्याविषयी

मुलुंड, मुंबई
१९ जुलै

प्रिय सुधाकर,

स. न. वि. वि.

रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आपले बोलणे पावसाने अर्धवट राहिले. तुझ्या पुतण्याच्या खाणीत वायूचा भोंगा वाजला, माणसे वर आली, तासाभरात आकडा खाली आला आणि तरीही मॅनेजरने जवळजवळ दिवसभर कोणाला आत सोडले नाही, याला तू ‘सरकारी भित्रेपणा’ म्हणालास. त्या मॅनेजरच्या मनात नेमके काय होते ते मला ठाऊक नाही. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत वायुवीजन अधिकारी असताना मी स्वतः अशीच माणसे अडवून धरली होती. ती हकीकत सांगतो.

खाणीच्या त्या भागात खांब काढण्याचे काम चालू होते. छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब काढून घेतले की मागे छत कोसळू दिले जाते आणि तेथे जी दगडांनी भरलेली पोकळी उरते तिला खाणीत गोफ म्हणतात. गोफमध्ये मिथेन साठून राहतो. जिवंत वारा एका वाटेने आत येतो, कामाच्या जागेवरून फिरतो आणि मिथेन घेऊन परतीच्या वाटेने पंख्याकडे जातो. या परतीच्या वाऱ्यात मिथेन ०.७५ टक्क्याहून अधिक असू नये आणि खाणीत कोठेही १.२५ टक्क्याच्या वर जाऊ नये, असा नियम आहे. आमच्या परतीच्या वाटेवर एरवी ०.४ टक्के असे.

जुलैतल्या त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी परतीच्या सेन्सरने ०.७५ दाखवले आणि नियंत्रण कक्षात भोंगा वाजला. पंचवीस मिनिटांत आकडा १.२५ वर गेला, त्या भागाची वीज आपोआप तुटली आणि ओव्हरमनने, म्हणजे त्या भागावर देखरेख करणाऱ्याने, माणसे परत फिरवली. वीज तुटली तरी सेन्सर बॅटरीवर चालू राहतात, हे येथे महत्त्वाचे आहे. एकूण चौतीस माणसे होती. लॅम्प रूममध्ये दिवे मोजले तेव्हा तेहेतीसच भरले. चौतिसावा गडी अर्ध्या वाटेवरून जेवणाचा डबा आणायला मागे वळला होता, आणि सरदाराने, म्हणजे ओव्हरमनच्या हाताखालच्या मुकादमाने, त्याला कॉलरला धरून वर आणले. त्या डब्याची आठवण आजही मला चीड आणते.

आता खरा प्रश्न. गोफच्या तोंडाशी आमचा आणखी एक सेन्सर होता. त्याने ४.६ टक्के दाखवले आणि मग आकडा उतरू लागला; सव्वाचार वाजता तो २.१ वर होता. पाळीचा प्रमुख म्हणाला, ‘साहेब, गॅस निघून चालला आहे, दहा माणसे द्या, बिघाड काय आहे ते पाहून येतो.’ तू असतास तर तूही हेच म्हणाला असतास. मी मात्र शेजारच्या ऑक्सिजनच्या सेन्सरकडे पाहिले. तो १७.८ दाखवत होता.

हे दोन आकडे एकत्र नांदू शकत नाहीत. हवेत २.१ टक्के मिथेन मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून फार तर २०.५ पर्यंत उतरेल. तो १७.८ झाला याचा अर्थ हवेचा सुमारे सातवा भाग दुसऱ्याच कशाने तरी व्यापला आहे. त्या काळचे मिथेन सेन्सर आत एका तापलेल्या मण्यावर वायू जाळून त्याची उष्णता मोजत. जळायला ऑक्सिजन लागतो. मिथेन एका मर्यादेपलीकडे वाढला की त्याला पुरेल इतका ऑक्सिजनच उरत नाही, मणी थंड पडतो आणि काट्यावरचा आकडा खाली येतो. म्हणजे वायू कमी झाला की आकडा उतरतो आणि वायू फार वाढला तरीही तो उतरतो.

सुदैवाने गोफच्या तोंडापर्यंत एक नमुना नळी आधीच टाकलेली होती. वरचा पंप तिच्यातून हवा ओढून घेई, त्यामुळे माणूस आत न पाठवता आम्हाला ती हवा प्रयोगशाळेत तपासता आली. (नळी लांब असल्याने हाती येणारी हवा थोडी शिळी असते, हे मात्र धरून चालावे लागते.) तपासणीत मिथेन निघाला ११.२ टक्के. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. ज्या आकड्यावर पाळीचा प्रमुख दहा माणसे मागत होता, त्या आकड्यामागे हा वायू उभा होता.

त्याच नमुन्याने दुसरी एक भीती मात्र दूर केली. कोळसा आतल्या आत तापू लागला असता तर कार्बन मोनॉक्साइड वाढला असता. नायट्रोजनच्या प्रमाणावरून हिशेब केला तर त्या हवेत ऑक्सिजन १८.५ असायला हवा होता, तो ०.७ ने कमी होता, म्हणजे तेवढा कोळशाने खाल्ला. या खाल्लेल्या ऑक्सिजनच्या तुलनेत तयार झालेला मोनॉक्साइड केवळ ०.१३ टक्के भरला. हे गुणोत्तर एक टक्क्याच्या वर गेले की आग धुमसत असल्याचा संशय घेतात. आमच्याकडे आग नव्हती, फक्त वायू होता.

पण वायू आला कोठून? त्या रात्री पावसाळी कमी दाबाचा पट्टा आला होता आणि सहा तासांत हवेचा दाब सहा मिलिबारने उतरला होता. दाब उतरला की गोफ श्वास सोडतो. आमच्या गोफमधील पोकळी अंदाजे दोन लाख घनमीटर. त्यातून बाराशे घनमीटर हवा बाहेर ढकलली जाणार आणि तीत निम्मा मिथेन धरला तर परतीचा आकडा ०.४ वरून ०.७ च्या आसपास यावा. तो १.२५ कसा झाला? उरलेला हिशेब वाऱ्याच्या वेगाने जुळला. परतीच्या वाटेवरचा वारा मिनिटाला सहाशे घनमीटरवरून जवळजवळ निम्म्यावर आला होता. येणारी आणि जाणारी वाट वेगळी करणारी एखादी भिंत ढासळली असावी आणि वारा कामाच्या जागेपर्यंत न पोहोचता मधूनच परतत असावा, असा तर्क मी केला.

दाब अजून उतरत असताना ती भिंत बांधायला माणसे पाठवणे मी नाकारले. मुख्य पंखा चालू ठेवला आणि थांबलो. न्यूझीलंडच्या पाईक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी स्फोट होऊन २९ जण अडकले, तेव्हा नातेवाईक आत जाण्याचा आग्रह धरून होते. आतल्या वायूची खात्री नसल्याने बचाव पथके थांबली आणि पाच दिवसांनी दुसरा स्फोट झाला. आमचा प्रसंग त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे तेव्हा हा दाखला देऊन मला माझी बाजू मांडता आली नाही, आणि मॅनेजरसाहेबांचे बोलणे मुकाट्याने ऐकावे लागले.

दुपारी दाब स्थिरावून वर चढू लागला. साडेचार वाजता परतीचा आकडा ०.६ झाला आणि गोफच्या सेन्सरवर पुन्हा २.१ दिसू लागले. पण आता ऑक्सिजन २०.४ होता. पहाटे खोटा म्हणून नाकारलेला तोच आकडा मी संध्याकाळी खरा मानला. तरीही गोफच्या तोंडाशी कोणी जाणार नव्हते. आत सोडलेल्या पाच प्रशिक्षित माणसांनी येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूने, हातातले मिथेन मीटर छताशी धरून, टप्प्याटप्प्याने पुढे जायचे होते, कारण हलका असल्याने मिथेन छताला थर धरून राहतो आणि कमरेच्या उंचीवर मीटर धरले तर तो दिसतच नाही. भिंत खरोखर पडलेली सापडली. ती जाड कापडाने तात्पुरती बंद करताच वारा परतला; दोन तासांत गोफच्या तोंडाशी ०.८ झाले. वीज सर्वांत शेवटी, पूर्ण तपासणी होऊन नोंदवहीत सही झाल्यावर जोडली. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी खाली गेली.

तेव्हा पुतण्याला एवढे विचार: आकडा उतरला तेव्हा ऑक्सिजन किती होता, मोनॉक्साइड स्थिर होता का, आणि वाऱ्याचा वेग काय होता. कागदावर लिहून आणायला सांग. रविवारी पाऊस असला तर कट्ट्यावर न जाता सरळ माझ्याकडे ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक