मंदीला पत्र

प्रिय मंदे,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागव, पण आधी हे वाच, कारण दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. तब्येत बरी, पाठ अधूनमधून कुरकुरते.

पोर्टफोलिओसाठी एका अवघड केसवर चिंतन लिहायचंय. वयस्क गृहस्थ, जुना सीओपीडी, गुंगीत आले. ब्लड गॅसमध्ये पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ८४. श्वासाला जोर देणारा बायपॅपचा मास्क लावला, सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवलं. थोड्याच वेळात त्यांनी मास्क ओढून काढला, हातानेच 'नको' म्हणाले. मुलगी म्हणाली, "लावा हो, त्यांना काही समजत नाहीये." मी परत लावला. तासाभरात पीएच ७.२९, ते नीट जागे झाले. मी पुन्हा विचारलं. मास्क काढला तर काय होईल हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, जरा वेळाने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, आणि पुन्हा 'नको'. सरांनीही बोलून खात्री केली. मास्क काढला, धाप सुसह्य व्हावी म्हणून थोडं मॉर्फिन दिलं. दुसऱ्या दिवशी गेले.

पहिल्या मसुद्यात नुसते आकडे होते. ती डिस्चार्ज समरी झाली. चिंतन लिहायच्या गिब्जच्या चक्रातला 'वर्णन' हा पहिलाच टप्पा सगळी जागा खाऊन बसला. 'भावना' हा टप्पा नुसता परीक्षकांसाठी असतो असं तू म्हणायचीस, आणि त्या वादावरून होस्टेलवर तू माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होतास, आठवतं? तेही मेसचं ताट माझ्याच शेजारी ठेवून! अजूनही मला ते पटत नाही. मुलगी बोलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मास्क परत लावण्याचं कारण वेगळं: कार्बन डायऑक्साइडने आलेली गुंगी उतरली असती, तर निर्णय त्यांना स्वतः घेता आला असता. हे कारण आणि ते सुटल्यासारखं वाटणं कागदावर वेगवेगळं मांडलं, तेव्हा कुठे विश्लेषण सुरू झालं. मुलगी उलट बोलली असती तरी मी मास्क लावलाच असता का, हा प्रश्न त्यातूनच आला.

शेवटी 'संवाद सुधारेन' असं लिहिणार नाही, कारण ते झालं की नाही हे कुणाला तपासता येत नाही. पेशंट बोलू शकत असेल तर मास्क लावण्याआधीच विचारायचं, 'याने जमलं नाही तर पुढे काय करायचं?', आणि उत्तर केसपेपरवर नोंदवायचं. अशा दोन संभाषणांना सरांना शेजारी बसवून त्यांचं मत घ्यायचं, असं ठरवलंय.

खरी काळजी पुढेच आहे. नाव, तारीख, खाट, त्यांचा व्यवसाय, सगळं काढलं. पण नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. मुलीने हा लेख वाचला तर तिला बाबा दिसतील का, ही माझी कसोटी, आणि तो हाताने केलेला 'नको' वाचून दिसतील असं वाटतं. तो काढला तर लेखातली अडचणच उरत नाही. 'पेशंटने उपचार नाकारले' एवढंच लिहिलं तर तो गुंगीतला नकार की जागेपणीचा, हे कळत नाही, आणि माझा सगळा पेच तिथेच आहे. तू काय ठेवलं असतंस?

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा गुडघा कसा आहे? पिल्लूला पापा. मसुदा सोबत जोडलाय, लाल पेन घेऊनच बस.

तुझी,
शुभा