आईच्या थेंबांचे मोठे कागद

लीड्स, १२ डिसेंबर

ती. दादा आणि वहिनींना,
सा. न. वि. वि.

सोबत नऊ पानांची पीडीएफ पाठवते आहे. ती मिनूने केली आहे, मी फक्त शेजारी बसून होते. उद्या आईच्या तपासणीला जाण्याआधी हे पत्र नीट वाचा, कारण त्या पानांवर अजून एका माणसाची मान हलायची आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते.

सोमवारी रात्री तू हॉस्पिटलच्या पत्रकाचा फोटो पाठवलास, तेव्हा मी कपाळालाच हात लावला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या सूचना, आणि अक्षर रेल्वे तिकिटामागच्या मजकुराएवढं! आईला बसवलेली लेन्स लांबचं दिसण्यासाठीची आहे. जवळच्या चष्म्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावर, महिना-दीड महिन्याने मिळणार. जुन्या चष्म्याची त्या बाजूची काच आता निरुपयोगी, आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू धरलेलाच आहे. म्हणजे ज्या सहा आठवड्यांत हे पत्रक वाचायचं, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत तिला ते वाचता येणार नाही. तुम्ही दोघं दहाला घराबाहेर पडता ते सहाला परत. मधले थेंब तिचे तिलाच टाकायचे.

मिनूने फोटो माझ्या हातातून घेतला. तिच्या वर्गात एका मुलाला कमी दिसतं, त्याला सगळे कागद मोठ्या अक्षरात मिळतात. त्यामुळे फोटो नुसता ताणून मोठा करायचा नाही, मजकूर नव्याने मांडायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ताणलेला फोटो धूसर होतो आणि ओळ पानाबाहेर जाते. पण तुझ्या पहिल्या फोटोत ट्यूबलाइटची चमक पडून मधल्या दोन ओळी पांढऱ्या झाल्या होत्या. तुला आठवत असेल, मंगळवारी सकाळी तिनेच तुला फोन करून पत्रक खिडकीजवळ ठेवायला लावलं, घडी उलगडून, वरून सरळ.

त्या दुसऱ्या फोटोतला मजकूर फोनने उचलून दिला, आणि खरी मजा तिथे सुरू झाली. पत्रकात ‘काय करावे’ आणि ‘काय करू नये’ असे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. फोनने ते सरळ आडवे वाचले. त्यामुळे ‘काळा चष्मा वापरावा’ याच्या पुढे लगेच ‘डोळा चोळणे’ आलं आणि त्याच्या खाली ‘हात स्वच्छ धुवावे, जड वजन उचलणे’. करायचं आणि टाळायचं एका माळेत! मिनूने रकाने कापून दोन फोटो केले आणि एकेक वेगळा वाचवला. मग ‘नये’ने संपणारी बहुतेक वाक्यं तिने उलटी केली. ‘डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये’ हे मोठ्या अक्षरात दोन ओळींवर जातं आणि ‘नये’ एकटं खाली पडतं. वरची ओळ वाचून माणूस थांबला तर अर्थ उलटाच. आता तिथे ‘डोळा कोरडा ठेवा. अंघोळ मानेखालून’ असं आहे.

दुसरी भानगड पेनाची. छापील तक्त्यात जंतुनाशक थेंब दोन आठवडे लिहिले आहेत. डॉक्टरांनी २ वर काट मारून बाजूला १ केला आहे. फोनने छापलेला २ इमानदारीत उचलला आणि पेनचा १ सोडून दिला. पत्रक सगळ्या पेशंटना सारखंच मिळतं. आईसाठीचं जे काही आहे, ते त्या पेनच्या दोन फरकाट्यांत आहे. मिनूने म्हणून आधी फोटोतल्या पेनच्या खुणाच तेवढ्या एका वेगळ्या कागदावर उतरवून घेतल्या.

पण सगळ्यात बेमालूम चूक आकड्याची होती. दोन औषधांमध्ये १० मिनिटांचं अंतर ठेवायचं आहे, कारण लगेच दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्याला धुऊन काढतो. फोनने १० चे केले ९०. आता बघा, सूज उतरवणारं औषध पहिल्या आठवड्यात सहा वेळा आहे: सकाळी ७, १०, दुपारी १, ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १०. मध्ये नव्वद मिनिटं धरली तर दुसरं औषध साडेआठला येतं, बरोब्बर मधोमध. वेळापत्रक इतकं छान बसलं की शंका यायला जागाच नाही. आईला दिवसभर दीड-दीड तासाने बाटली उचलावी लागली असती, एवढंच! ते सापडलं जोडीने वाचताना. मिनू फोटो मोठ्याने वाचत होती आणि तिचे बाबा टाइप केलेल्या पानावर बोट ठेवून होते. आकडा आला की ती एकेक अंक सुटा म्हणायची: ‘एक, शून्य’. बाबा म्हणाले, इथे तर नऊ आहे. तिचं मराठी वाचन रविवारच्या वर्गापुरतं, अक्षर लावून लावून चालतं. आपण मोठी माणसं अंदाजाने पुढे पळतो, ती पळूच शकत नाही. या कामाला तेच उपयोगी पडलं.

मग अक्षर केवढं ठेवायचं ते आलं. इथे मोठ्या अक्षरातला मजकूर म्हणजे साधारण १६ ते १८ पॉइंट. मिनूने १८ घेतला आणि मराठी त्यात बारीकच दिसलं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, या सगळ्यांना जागा लागते. त्यामुळे त्याच मापात मधलं अक्षर लहान उरतं. शिवाय धूसर नजरेला ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक दिसतो तो शिरोरेषेतल्या एका फटीचाच. ‘मुक्त’ नावाचा टाइप तिला मोकळा वाटला. बुधवारी तू जो कागद छापून आईसमोर धरलास, त्यावर एकच वाक्य १८, २०, २४ आणि २८ मध्ये होतं ते यासाठी. आईने २० वाचलं, पण डोळे बारीक करून. २४ सहज वाचलं. २८ ला म्हणाली, ‘एवढं मोठं कायले, मी का आंधळी झाली का बाप्पा?’ म्हणून २४ ठेवलं आहे, ओळींत दीडपट अंतर, आणि ठळक अक्षर फक्त वेळांना. सगळंच ठळक केलं की जोडाक्षरांच्या आतल्या फटी बुजतात.

आता पानांविषयी. पत्रकात सहा आठवड्यांचा एकच तक्ता आहे: सहा वेळा, पाच, चार, तीन, दोन, एक. मिनूने प्रत्येक आठवड्याचं वेगळं पान केलं आहे. भिंतीवर एका वेळी एकच पान लावायचं, बाकीची कपाटात. त्यावर सात दिवस आणि त्या आठवड्याच्या वेळा यांचे चौकोन आहेत. थेंब टाकला की जाड स्केचपेनने खूण करायची. दर पानाच्या तळाशी तेच वाक्य आहे: ‘बरं वाटलं तरी औषध चालू’. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणणारच, ‘आता बरं वाटून राहिलं, कायले टाकू रोज रोज?’ हे थेंब पायरीपायरीनेच उतरवायचे असतात. एकदम सोडले तर आतली सूज पुन्हा उसळू शकते.

सातव्या पानावर थेंब कसा टाकायचा ते आहे. हात धुवा, बाटली हलवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकू देऊ नका (हा एक ‘नका’ तिला टाळता आला नाही), मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबा. तो कोपरा दाबला नाही तर औषध नाकाघशात उतरतं आणि घसा कडू होतो. ‘हलवा’ हे फक्त सूज उतरवणाऱ्या बाटलीसाठी आहे, ते औषध तळाशी बसतं. झाकणाच्या रंगावर मिनूने भरवसा ठेवला नाही, कारण दुसरी बाटली आणली की कंपनी बदलली तर झाकणही बदलेल. वहिनी, त्या हलवायच्या बाटलीला तुम्ही रबरबँड गुंडाळा, दुसरी तशीच राहू दे. आईला बोटांनी कळेल. बाटली उघडली ती तारीखही तिच्यावर लिहा. उघडल्यावर महिन्याने ती टाकून द्यायची असते आणि हा कोर्स सहा आठवड्यांचा आहे, म्हणजे मध्ये नवी लागणार.

आठव्या पानावर त्या दोन रकान्यांतलं, काय करायचं आणि काय टाळायचं ते आहे. नववं पान मला सगळ्यात आवडलं. दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कमी झाली, घाण यायला लागली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, हा मजकूर मूळ पत्रकात सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक होता. मिनूने त्याला अख्खं पान दिलं आणि फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून छापला. हे पान सहाही आठवडे फोनशेजारी राहू दे.

आता उद्याचं. मूळ पत्रक आणि ही पानं दोन्ही घेऊन जा, आणि तिथल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना शेजारी शेजारी धरून दाखव. आम्ही शब्द बदलले आहेत, म्हणून त्यांनी बघितल्याशिवाय भिंतीवर काही लावायचं नाही. मिनूचे तीन प्रश्न आहेत, तेही विचार. जंतुनाशक थेंब एकच आठवडा, हे बरोबर वाचलं का? आठवडा ऑपरेशनच्या सोमवारपासून मोजायचा की पट्टी काढली त्या मंगळवारपासून? पत्रकात ते कुठेच नाही. आणि एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर टाकायचा की सोडून द्यायचा? तिसऱ्याच्या उत्तरासाठी तिने पहिल्या पानावर दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत, तिथेच जाड पेनने लिही.

धरमपेठेतल्या त्या झेरॉक्सवाल्याकडे छापशील तर प्रिंट देताना `Actual size` निवडायला सांग, नाहीतर कागदात बसवायच्या नादात तो अक्षर परत लहान करेल. कागद चकचकीत नको आणि पाठपोट नको, मागचं अक्षर पुढे उमटतं.

आईला नमस्कार, बाळूला आशीर्वाद. सिस्टर काय म्हणाल्या ते उद्या रात्री कळव, मिनू दुरुस्ती करायला बसून आहे.

तुझी,
माई