चौकटची दुर्री कुठं होती

सांगली, रविवार रात्र

प्रिय अव्या,

तू साताऱ्याला नीट पोचलास ना? इस्लामपूरच्या पुढं पाऊस असणार म्हणून तीनदा फोन लावला, पण नंतर म्हटलं फोनवर हे बोलणं व्हायचं नाही, सरळ लिहूनच काढावं. स्टँडवर तू नुसतं "चल, येतो" म्हणालास आणि एसटीत चढलास. ब्रिजचा तो हात बुडाला त्याचा मला राग नाही रे, हात बुडतातच. पण तू पान बरोबर टाकलंस आणि मी ते चुकीचं वाचलं, हे मी तिथं टेबलावर कबूल केलं नाही, उलट "तुझी चव्वी फसवी होती" असं बोलून गेलो. ते मनात खुपतंय. घरी आल्यावर जेवण झालं की पत्त्यांचा जोड काढला, चारही हात आठवून सतरंजीवर मांडले आणि आत्ता साडेअकरा वाजता लिहायला बसलोय.

आधी हात सांगतो, तुला पाठ असेलच तरी. समोरच्यांनी 2 नो ट्रम्प उघडलं, म्हणजे 20-21 पॉइंट, त्याच्या भिडूनं सरळ 3 नो ट्रम्प म्हटलं, म्हणजे त्याला नऊ हात करायचे. तू बदामची राणी उतरलास. डमीत, म्हणजे त्याच्या भिडूच्या उघड्या पानांत, इस्पिकचे तीन बारके, बदामची सत्ती-चव्वी, किलवरचे तीन बारके, आणि चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी. म्हणजे डमीत दुसरं काहीच नाही, नुसती ती चौकटची माळ. आणि माझ्याकडं चौकटचा एक्का, सत्ती, तिर्री. तुझ्या राणीवर मी बदामची दुर्री टाकली, म्हणजे मला बदामात काही नाही, इथंपर्यंत ठीक. त्यानं राजानं हात घेतला आणि हातातनं चौकटची छक्की खेळला. तू चव्वी, डमीतनं राजा, मी तिर्री. मग डमीतनंच राणी आली आणि मी एक्का मारला. संपलं तिथंच. त्याच्याकडं अजून एक चौकट शिल्लक होती, त्यावरनं तो डमीत गेला, गुलाम, दश्शी, पंजी तिन्ही घेतले, आणि दहा हात करून मोकळा झाला.

आता एक्का कधी मारायचा हे त्याच्याकडं चौकटी किती यावर. दोन असतील तर दुसऱ्यालाच मारायचा, तीन असतील तर तिसऱ्याला, म्हणजे त्याचं शेवटचं पान पडतं त्याच वेळी, मग डमीत जायला त्याला रस्ताच राहत नाही. मला त्याची पानं दिसत नाहीत. पण तुझी किती हे कळलं की त्याची कळतात, कारण तेरातली आठ माझ्या डोळ्यासमोर, डमीची पाच आणि माझी तीन, उरली पाच ती तुमच्या दोघांत. म्हणून तर आपण ठरवलंय की डिक्लेअररनं, म्हणजे डाव खेळणाऱ्यानं, रंग काढला की भिडूनं मोजणी द्यायची, आधी मोठं मग लहान म्हणजे सम पानं, आधी लहान मग मोठं म्हणजे विषम. तू चव्वी टाकलीस. मी बघितलं, चार, बारकं पान, लहान म्हणजे विषम, म्हणजे तीन, म्हणजे त्याच्याकडं दोन, म्हणजे आत्ताच मार. एवढा सगळा विचार मी दोन सेकंदात केला आणि तिथंच चुकलो.

चार हे बारकं पान आहे हे मी कशावरनं ठरवलं? आपण छापील आकडा बघतो, दोन-तीन-चार म्हणजे लहान आणि आठ-नऊ म्हणजे मोठं, पण मोजणीत आकड्याला अर्थच नाही, त्याच्या खालचं पान कुठं आहे त्याला अर्थ आहे. तिर्री माझ्याकडं. पंजी डमीत. छक्की त्यानं टाकली. सत्ती माझी. मग राहिली कोणती? नव्वी, अठ्ठी आणि दुर्री. दुर्री दिसलेली नाही! ती तुझ्याकडं असेल तर तुझी चव्वी हे मोठं पान आहे, चव्वी-दुर्री अशी जोडी, त्याच्याकडं नव्वी-अठ्ठी-छक्की. ती त्याच्याकडं असेल तर तू नव्वी-अठ्ठी-चव्वीतनं खालचं टाकलंस आणि त्याच्याकडं छक्की-दुर्री. तू एकटी चव्वी टाकली असतीस तर त्याच्याकडं चार, मग एक्का कधीही मारला तरी त्याला अडवता येत नव्हतंच, ते सोड. म्हणजे खऱ्या शक्यता दोनच होत्या. आणि मी दुर्री शोधलीच नाही.

आणखी एक गोष्ट मांडून बघताना लक्षात आली, ती तुला सांगितलीच पाहिजे. दुसरी चौकट डमीतनं आली म्हणजे माझी पाळी तुझ्या आधी. तुझी दुर्री पडली ती मी एक्का टाकल्यावर. म्हणजे मोजणी दोन पानांत पूर्ण होते खरी पण मला एकाच पानावर ठरवायचं होतं. हेच उलटं असतं, एक्का तुझ्याकडं आणि मोजणी माझ्याकडनं, तर राणीवर माझं दुसरं पान, त्याचं दुसरं पान, सगळं बघून तू शेवटी खेळला असतास, तुला चुकायला जागाच नव्हती. त्यामुळं ज्याचा एक्का डमीच्या लगेच मागं बसलाय त्यानं पहिल्याच पानाला थांबून विचार करायचा, दुसऱ्याची वाट बघून चालत नाही. आणि थांबायचं ते पहिल्या चौकटीलाच, राणी आल्यावर नाही, कारण राणीवर मी घुटमळलो की एक्का कुणाकडं हे समोरच्याला न सांगता कळतं.

बरं, दुर्री त्याच्याकडं असती तर? छक्की-दुर्रीतनं त्यानं छक्की पुढं केली असती का? हुशार असेल तर नक्की करेल, कारण दुर्री लपवली की तुझी चव्वी दोन्हीकडनं वाचता येते. म्हणजे नुसत्या पानांवरनं शंभर टक्के कळलं नसतंच, हे मी मान्य करतो. पण मग हिशोब लावायचा, आणि तो मला जमण्यासारखा होता. माझे 7 पॉइंट, डमीत 6, राहिले 27. त्याचे 20-21, म्हणजे तुझ्याकडं सहा-सात, त्यातले तीन राणी-गुलाम बदाम. राहिलेल्यात त्याच्याकडं वरचे हमखास हात बहुतेक सहाच निघतात, दोन इस्पिक, दोन बदाम, दोन किलवर, सात व्हायला इस्पिकचा राजा तुझ्याकडं आणि किलवरची वरची चारही त्याच्याकडं असायला हवीत. आता मी दोनदा एक्का दाबला आणि त्याच्याकडं दोनच चौकटी निघाल्या तर माझं काय गेलं? त्याला चौकटचा एकाऐवजी दोन हात, सहा नि दोन आठ, तरी पडलाच. आणि दुसऱ्यालाच मारला नि त्याच्याकडं तीन निघाल्या तर त्याला चौकटचे चार, सहा नि चार दहा. एका चुकीला एक हात जातो, दुसऱ्या चुकीला सबंध गेम. चव्वी वाचता येत नसेल तर दाबायचाच, याला तुझ्या पानाचीसुद्धा गरज नव्हती. (त्याचे सात हमखास असते तर मात्र उलटं, तिथं दुसरा चौकटचा हात म्हणजे त्याचा नववा, तिथं अंदाज करावाच लागतो.)

आता मी नीट खेळलो असतो तर पुढं काय, हेही मांडून बघितलं, आणि इथं तुझं कौतुक कराय पाहिजे, कारण तू नंतर टाकलेलं पान मी टेबलावर बघितलंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या चौकटीला तुझ्याकडं चौकट नाही, तुला काहीतरी टाकायचंय. तुझ्याकडं इस्पिकची दश्शी-दुर्री, बदामचे गुलाम, दश्शी, अठ्ठी, तिर्री, आणि किलवरचे राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी. आपलं ठरलेलं आहे, रंग संपल्यावर पहिलं टाकलेलं पान मोठं असेल तर "हा रंग खेळ", बारकं असेल तर "इकडं येऊ नको". मी तुझ्या जागी असतो तर किलवरची नव्वी फेकली असती, अरे राणी-गुलाम आहेत, ओरडून सांगावं. आणि ते घातक झालं असतं. त्याच्याकडं किलवरचे एक्का, राजा, दश्शी, चव्वी होते. तुझी चार किलवर आहेत तोवर त्याची चव्वी कधीच उभी राहत नाही. तू नव्वी फेकलीस की तुझी तीन, माझी दोन, आणि मी तुझं ऐकून किलवर खेळलो की त्याचं चौथं किलवर हात होतं, नववा. जे पान ओरडायला वापरायचं तेच जर पहारेकरी असेल तर ओरडायचं नाही. बदामही फेकायचे नाहीत, एक्का गेल्यावर तेच तुझे हात व्हायचे.

तू टाकलीस इस्पिकची दुर्री. जिचा आपल्याला काहीच उपयोग नव्हता ती. आणि ती बोलली किती बघ! इस्पिक नको. माझ्याकडं इस्पिकचे राणी, गुलाम, नव्वी, सत्ती, चव्वी होते, मला आपल्याच पाच पानांचा मोह झाला असता, राणी खेळू म्हणून, पण तुझी दुर्री बघून मी निमूट बदाम परत दिला असता. बदामचा एक्का निघाला की तुझे तीन बदाम, माझा चौकटचा एक्का आणि शेवटी तुझं एक किलवर, पाच हात, तो एकानं पडला. मी सतरंजीवर तीन वेळा खेळून बघितलं, प्रत्येक वेळी आठच होतात त्याचे.

परतताना तू उलट्या सिग्नलचं काढलं होतंस, लहान मग मोठं म्हणजे सम. त्या हातात ते खरंच सोपं झालं असतं, तू आधी दुर्री टाकली असतीस, दुर्रीच्या खाली पान नाही, ती लहानच, शंकाच नाही. मला पटतंय थोडं. पण माझं म्हणणं, आत्ता लगेच बदलू नये. बदललं तरी जे पान दिसत नाही ते शोधायचं काम माझ्याकडनं सुटत नाही, आणि अर्धवट बदललं तर एक जण सुलट देईल एक जण उलट वाचेल. बदलायचं तर मोजणी आणि आवडनिवड दोन्ही एकदम, कागदावर लिहून, म्हणजे समोरच्यांनी विचारलं तर नीट सांगताही येईल.

एक विचारायचंय. चव्वी टाकताना तू जराही थांबला नाहीस, नेहमीच्या वेगानं टाकलीस, ते मला फार आवडलं. पण मी एक्का मारला तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस आणि लगेच खाली बघितलंस. त्यानंतर पुढचे सहा हात आपण दोघंही वाईट खेळलो. तेव्हाच दोन शब्द बोललो असतो तर बरं झालं असतं का? हातांच्या मध्ये हे काढायचं का नाही, तूच सांग, तू म्हणशील तसं.

पुढच्या शनिवारी जमतंय का? मीच येतो साताऱ्याला, सकाळच्या गाडीनं, भडंग घेऊन येतो, तू कंदी पेढे आणून ठेवू नकोस, आईनं माझी साखर मोजायला सुरवात केलीय. तासभर फक्त एकच गोष्ट करू, तू बारा-पंधरा वेळा चौकट वाटायची, पहिलं पान टाकायचं, आणि मी एक्का हातात धरून आधी मोठ्यानं सांगायचं कोणतं बारकं पान दिसत नाही, मगच खेळायचं.

तुझा,
श्री