अप्पांचा फोन मराठीत बोलू लागला

लालबाग, मुंबई

प्रिय संदीप,

काकूंना आता फोनवरची अक्षरं अजिबात दिसत नाहीत हे ऐकून रात्रभर चैन पडलं नाही. अप्पांच्या काचबिंदूच्या वेळी मी जिथे जिथे अडलो, तिथे तू अडू नयेस म्हणून सविस्तर लिहितोय.

टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीपासूनच असते, सेटिंगमधल्या Accessibility मध्ये. मी तिथे जाऊन ते लगेच चालू केलं आणि फसलो. ते चालू झालं की एक बोट टेकवल्यावर फोन फक्त नाव वाचतो. उघडायचं तर दोनदा टिचकी, आणि पान सरकवायचं तर दोन बोटं. मला ते बंदही करता येईना. म्हणून आधी त्याचा शॉर्टकट चालू करून ठेव. मग आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक बंद होतं, पुन्हा दाबली की चालू.

दुसरी अडचण मला दोन दिवसांनी कळली. फोन सेटिंगमधली नावं घडाघडा वाचायचा, पण अप्पांनी मराठीत साठवलेली नावं आली की गप्प! आवाज इंग्रजी होता, त्याला देवनागरी वाचताच येत नव्हती. Text-to-speech output मध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घेतला, तोच निवडला, वेग बराच कमी केला. "सुमनआत्या" असं फोननं म्हटल्यावर अप्पा किती तरी वेळ तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते रे.

खरी मेहनत शिकवण्यात गेली. आत्याला फोन लावताना अप्पा बोट उजवीकडे सरकवत नावापर्यंत बरोबर पोचायचे, पण मग तेच नाव बोटानं शोधून त्यावर टिचकी मारायला जायचे आणि भलतंच काहीतरी निवडलं जायचं. नाव ऐकू आलं की दोन टिचक्या पडद्यावर कुठेही मारल्या तरी चालतात, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती, आणि ते मात्र स्वतःला बोल लावत होते. तू काकूंना हे पहिल्याच दिवशी सांग. फोन ठेवायला त्यांना लाल बटण शोधायला लावू नकोस. पॉवरच्या बटणानं कॉल बंद व्हावा अशी सोय त्याच Accessibility मध्ये आहे.

पैशांचे व्यवहार अजून मीच करतो. बँकेच्या ॲपमधली काही बटणं नुसतं "बटण" म्हणतात, कशाचं ते सांगत नाहीत. तीन बोटांनी टिचकी मारली की टॉकबॅकचा मेनू येतो, त्यातून मी काहींना नावं दिली, पण प्रत्येक बटण नाव घेत नाही.

आणि बाहेर जाताना इअरफोन एकाच कानात. दुसऱ्या कानाला रस्ता ऐकू यायला हवा.

काकूंचा फोन कुठला आहे ते कळव, सेटिंगमधली नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. रविवारी मी येतोच, तोवर फक्त मराठी आवाज उतरवून ठेव.

तुझा,
विनय